एफ अँड ओमध्ये तोटा झाला, मग ऑडिट करावंच लागतं का?

शेअर बाजारात फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे, म्हणजेच एफ अँड ओचे व्यवहार करणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारांपैकी बहुतेकांच्या पदरी तोटाच पडतो, हे आता नव्याने सांगायची गरज नाही. सेबीने जुलै 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2024-25 या आर्थिक वर्षात 91 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. त्यांचा एकत्रित निव्वळ तोटा 1 लाख 5 हजार कोटी रुपयांच्या वर होता.

विवरणपत्र भरायची वेळ आली की यातल्या अनेकांना दुसरा धक्का बसतो. पगार आणि बँकेचं व्याज एवढंच दाखवून पाच मिनिटांत आयटीआर-1 भरणाऱ्या माणसाला कुणीतरी सांगतं, "तुझा हा धंदा झाला. त्यात तोटा आहे, म्हणजे सीएकडून ऑडिट लागणार." ऑडिटची फी ऐकून काही जण तोटा दाखवायचाच नाही असं ठरवतात. "कमावलं काही नाही, मग दाखवायचं काय?" असा त्यांचा हिशेब असतो.

हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो. बहुतेक लहान ट्रेडर्सना ऑडिट लागत नाही. आणि न दाखवलेला तोटा पुढच्या वर्षांत कर वाचवायच्या कामी येऊ शकला असता, तो कायमचा हातातून जातो.

'धंदा' आहे, पण 'सट्टा' नाही

आयकर कायदा 1961 च्या कलम 43(5) मध्ये सट्टा व्यवहाराची व्याख्या आहे. ज्या सौद्यात मालाची किंवा शेअरची प्रत्यक्ष देवघेव होत नाही आणि नुसता फरक चुकता केला जातो, तो सट्टा. सकाळी शेअर घेऊन दुपारी विकला, डिमॅट खात्यात काही आलंच नाही, तर ते इंट्राडे ट्रेडिंग या व्याख्येत बसतं.

खरं तर एफ अँड ओसुद्धा याच व्याख्येत बसायला हवं होतं. निफ्टी हा निर्देशांक आहे, तो कुणी घरी आणू शकत नाही. तिथे फरकाचीच देवघेव होते. पण 2005 च्या वित्त कायद्याने या कलमात एक अपवाद घातला. मान्यताप्राप्त शेअर बाजारात, नोंदणीकृत ब्रोकरमार्फत, संगणकाच्या पडद्यावर झालेला आणि ज्याच्या काँट्रॅक्ट नोटवर वेळ, ग्राहकाचा युनिक क्रमांक आणि पॅन आहे, असा डेरिव्हेटिव्ह व्यवहार सट्टा मानायचा नाही. तेव्हापासून एनएसई, बीएसईवरच्या एफ अँड ओचा नफा किंवा तोटा हा 'बिगर-सट्टा व्यवसाय उत्पन्न' या खात्यात जातो.

हा अपवाद कोणाला मिळतो, हे त्या अटींवरूनच कळतं. गल्लीतल्या ऑफिसात वहीवर किंवा एखाद्या अ‍ॅपवर चालणाऱ्या डब्बा ट्रेडिंगला तो मिळत नाही, कारण तो सौदा बाजारापर्यंत पोहोचतच नाही. परदेशी अ‍ॅपवरच्या फॉरेक्स सौद्यांनाही तो लागू नाही. मुळात हे दोन्ही प्रकार बेकायदेशीर ठरू शकतात, कराचा प्रश्न त्यानंतरचा.

फरक पडतो तो तोट्याच्या वेळी

नफा झाला तर सट्टा असो वा बिगर-सट्टा, तो एकूण उत्पन्नात मिळवला जातो आणि नेहमीच्या स्लॅबने कर लागतो. तोटा झाला की मात्र दोघांचे रस्ते वेगळे होतात.

सट्ट्याचा तोटा फक्त सट्ट्याच्या नफ्यातूनच वजा होतो आणि चारच वर्षं पुढे नेता येतो. बिगर-सट्टा व्यवसायाचा तोटा त्याच वर्षी पगार सोडून बाकी उत्पन्नातून वजा करता येतो. त्यात व्याज, भाडं, शेअर विक्रीचा भांडवली नफा आणि इंट्राडेचा नफासुद्धा आला. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो. पुढच्या वर्षांत मात्र तो फक्त व्यवसायाच्या नफ्यातूनच वजा होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकच्या एका कारखान्यात नोकरी करणारा अभियंता आहे. 2024-25 मध्ये त्याचं पगाराचं करपात्र उत्पन्न 10 लाख रुपये आहे. मुदत ठेवीचं व्याज 60 हजार, शेअर विकून झालेला अल्पकालीन भांडवली नफा 35 हजार आणि इंट्राडेतला नफा 25 हजार आहे. एफ अँड ओमध्ये मात्र सगळे खर्च धरून 2 लाख 40 हजारांचा तोटा आहे.

आधी इंट्राडेचे 25 हजार या तोट्यात जिरतात, तोटा उरतो 2 लाख 15 हजार. मग व्याजाचे 60 हजार आणि भांडवली नफ्याचे 35 हजार वजा होतात, उरतात 1 लाख 20 हजार. इथे थांबायचं, कारण पगाराला हात लावता येत नाही. त्याला कर फक्त 10 लाखांच्या पगारावर लागेल. उरलेले 1 लाख 20 हजार पुढे गेले. पुढच्या वर्षी एफ अँड ओत 90 हजार नफा झाला, तर त्यावर कर शून्य आणि 30 हजारांचा तोटा अजूनही शिल्लक.

हाच हिशेब उलटा करून पाहिला तर गंमत कळते. एफ अँड ओत नफा आणि इंट्राडेत तोटा असता, तर इंट्राडेचा तोटा एफ अँड ओच्या नफ्यातून वजा झाला नसता.

या सगळ्याला एक अट आहे. विवरणपत्र ठरलेल्या मुदतीत भरलं पाहिजे. मुदत उलटून भरलेल्या विवरणपत्रात व्यवसायाचा तोटा त्याच वर्षीच्या उत्पन्नातून वजा होतो, पण पुढे नेता येत नाही. आपल्या अभियंत्याने उशीर केला असता तर ते 1 लाख 20 हजार तिथेच संपले असते.

आता खर्चाबद्दल. एफ अँड ओ हा व्यवसाय धरला जात असल्यामुळे ब्रोकरेज, एक्स्चेंजचे शुल्क, जीएसटी हे सगळं खर्चात धरता येतं. सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्ससुद्धा धरता येतो. भांडवली नफा मोजताना या टॅक्सची वजावट मिळत नाही, इथे मिळते. ट्रेडिंगसाठी घेतलेल्या इंटरनेटचा किंवा डेटाच्या सबस्क्रिप्शनचा खर्चही दाखवता येतो. घरच्या सगळ्यांच्या वायफायचं पूर्ण बिल लावणं मात्र पटवून देणं अवघड जाईल.

उलाढाल नेमकी किती?

ऑडिट लागणार की नाही, हे सगळ्यात आधी उलाढालीवर ठरतं. आणि घबराट इथूनच सुरू होते.

निफ्टी 23 हजारांवर असताना 75 च्या एका लॉटची किंमत सव्वासतरा लाख होते. महिनाभर रोज दोन-चार लॉट फिरवले की आकडा कोटींमध्ये जातो. ब्रोकरच्या स्टेटमेंटमध्ये असा आकडा दिसला की माणूस हादरतो. पण करासाठीची उलाढाल ही नाही.

कायद्यात एफ अँड ओच्या उलाढालीची वेगळी व्याख्या नाही. सीएंची संस्था आयसीएआयने टॅक्स ऑडिटवर जी मार्गदर्शिका काढली आहे, तिचाच आधार घेतला जातो. तिची पद्धत सोपी आहे. प्रत्येक सौद्यातला नफा किंवा तोटा घ्यायचा, वजाचं चिन्ह काढून टाकायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची.

मार्च 2025 मधले तीन सौदे समजा. लॉट 75 चा. पहिल्यात निफ्टीचा कॉल 120 ला घेतला आणि 150 ला विकला, नफा 2,250 रुपये. दुसऱ्यात पुट 90 ला घेतला आणि 40 ला विकावा लागला, तोटा 3,750. तिसऱ्यात कॉल आधी 60 ला विकला आणि नंतर 20 ला परत घेतला, नफा 3,000. निव्वळ नफा झाला 1,500 रुपये. उलाढाल मात्र 2,250 अधिक 3,750 अधिक 3,000, म्हणजे 9,000 रुपये.

आधीच्या पद्धतीत या बेरजेत ऑप्शन विकून मिळालेला प्रीमियमही वेगळा मिळवला जायचा. वरच्या सौद्यांत तो 11,250, 3,000 आणि 4,500, म्हणजे एकूण 18,750 होतो. तो मिळवला की उलाढाल 27,750 रुपये, म्हणजे तिपटीहून जास्त. 2022 च्या सुधारित मार्गदर्शिकेने स्पष्ट केलं की नफा-तोटा काढताना प्रीमियम आधीच हिशेबात आला असेल, तर तो पुन्हा मिळवायचा नाही. तरी जुन्या पद्धतीचे हिशेब अजून कुठे कुठे सापडतात. त्यामुळे ब्रोकरकडून आलेल्या टॅक्स रिपोर्टमध्ये उलाढाल कोणत्या पद्धतीने काढली आहे, हे एकदा पाहून घेतलेलं बरं.

आपल्या अभियंत्याचे वर्षभरातले नफ्याचे सौदे मिळून 18 लाख आणि तोट्याचे सौदे मिळून 20 लाख होते असं धरू. त्याची उलाढाल झाली 38 लाख. सौद्यांतला तोटा 2 लाख आणि वरचे 40 हजार ब्रोकरेज, कर आणि शुल्कात गेले.

ऑडिटची मर्यादा: 1 कोटी की 10 कोटी?

कलम 44एबी मध्ये मूळ मर्यादा 1 कोटी रुपयांची आहे. पण वर्षभरातल्या एकूण जमेपैकी रोखीची जमा आणि एकूण खर्चापैकी रोखीचा खर्च, दोन्ही 5 टक्क्यांच्या आत असतील, तर ती मर्यादा 10 कोटी होते. एफ अँड ओचा सगळा पैसा बँकेतूनच येतो-जातो, रोखीचा प्रश्नच नाही. त्यामुळे फक्त एफ अँड ओ करणाऱ्या माणसासाठी खरी मर्यादा 10 कोटींची आहे.

10 कोटी म्हणजे किती, याचा अंदाज घ्यायचा तर वर्षात बाजार साधारण 250 दिवस चालतो असं धरा. रोजच्या नफ्या-तोट्याच्या फरकांची बेरीज, वजाचं चिन्ह न धरता, 4 लाख रुपये झाली तर वर्षाचे 10 कोटी होतील. महिन्याच्या पगारातून एक-दोन लॉट खेळणारा माणूस तिथे पोहोचत नाही.

ही सवलत एका गटाला मात्र चकवते. समजा, लातूरमधल्या एका किराणा दुकानाची वर्षाची विक्री 80 लाख आहे आणि त्यातली बरीचशी रोखीने होते. दुकानदाराने मोबाइलवर ऑप्शन्सही सुरू केले आणि त्यांची उलाढाल 30 लाख झाली. मर्यादा बघताना त्याच्या सगळ्या व्यवसायांची बेरीज घ्यावी लागते. ती 1 कोटी 10 लाख झाली. रोख 5 टक्क्यांहून जास्त आहे, म्हणून 10 कोटींची सवलत नाही आणि त्याने कलम 44एडी खाली नफा दाखवला नसेल, तर त्याला ऑडिट लागणार. एकटं दुकान किंवा एकटं ट्रेडिंग असतं तर या मर्यादेपायी लागलं नसतं.

मग 'तोटा म्हणजे ऑडिट' हे आलं कुठून?

ही समजूत हवेतून आलेली नाही. काही वर्षांपूर्वी ती बरोबर होती.

कलम 44एडी लहान व्यावसायिकांना एक सोय देतं. हिशेबाच्या वह्या न ठेवता उलाढालीच्या 8 टक्के, आणि बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या रकमेवर 6 टक्के, नफा धरायचा आणि त्यावर कर भरून मोकळं व्हायचं. मर्यादा 2 कोटींची, रोख कमी असेल तर 3 कोटींची. आधी या कलमाची दुसरी बाजू अशी होती की नफा त्याहून कमी दाखवायचा असेल आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर वह्या ठेवा आणि ऑडिट करून घ्या. तोटा हा अर्थातच 8 टक्क्यांहून कमी. त्यामुळे पगारदार माणसाला एफ अँड ओत 20 हजारांचा तोटा झाला तरी ऑडिट लागायचं.

2016 च्या वित्त कायद्याने हे बदललं. आता या कलमापायी ऑडिट लागतं ते एका विशिष्ट साखळीत अडकलेल्यांना. कुणी एका वर्षी 44एडी ची सोय घेतली आणि पुढच्या पाच वर्षांत कधीही ती सोडून कमी नफा किंवा तोटा दाखवला, तर त्यानंतरची पाच वर्षं ही सोय त्याला बंद. आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिट सक्तीचं. जो माणूस 44एडी मध्ये कधी शिरलाच नाही, त्याच्यावर ही साखळी येत नाही. आपल्या अभियंत्याने याआधी कधी ही सोय घेतली नसेल, तर 38 लाखांची उलाढाल आणि 2 लाख 40 हजारांचा तोटा असूनही त्याला ऑडिट लागत नाही.

आता त्याच अभियंत्याची गोष्ट थोडी बदलून पाहू. 2023-24 मध्ये त्याने नुकतंच ट्रेडिंग सुरू केलं होतं. उलाढाल 12 लाख आणि नफा साधारण 70 हजार. करसल्लागार म्हणाला, "वह्यांच्या भानगडीत कशाला पडता? सहा टक्क्याने 72 हजार दाखवू, आयटीआर-4 भरून टाकू." काम सोपं झालं, कर थोडासाच लागला, सगळे खूश. पुढच्या वर्षी 2 लाख 40 हजारांचा तोटा झाला. तो दाखवायचा म्हणजे 44एडी सोडायचं. साखळी लागू झाली. पगारामुळे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर आहेच, म्हणजे 38 लाखांच्या उलाढालीवर ऑडिट आलं. 2025-26 पासून 2029-30 पर्यंत सोयीचं दार बंद. त्या वर्षांतही उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर ऑडिट लागतं, असाच या तरतुदीचा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो.

ऑडिट लागत असताना केलं नाही, तर कलम 271बी नुसार उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यातली कमी असेल ती रक्कम दंड म्हणून लागू शकते. 38 लाखांवर हा आकडा 19 हजार होतो.

म्हणून एफ अँड ओ करणाऱ्याने 6 टक्क्यांच्या सोयीला हात लावण्याआधी दोनदा विचार करायला हवा. दहापैकी नऊ जण तोट्यात जातात अशा धंद्यात, पुढच्या पाच वर्षांत एकदाही तोटा होणार नाही असं गृहीत धरणारी ती सोय आहे. किराणा दुकानदाराला ती शोभते, ऑप्शन्स विकत घेणाऱ्याला फारशी नाही. आणि दुकानासाठी 44एडी घेणाऱ्याने त्याच वर्षी एफ अँड ओचा तोटा वेगळा दाखवला तर साखळी लागू होते का, यावर सीए मंडळींमध्येही दोन मतं आहेत. अशा माणसाने आपल्या सीएला हा प्रश्न विवरणपत्र भरण्याआधी विचारावा.

ऑडिट नाही, पण वह्या?

ऑडिट लागत नाही म्हणजे कागद ठेवायची गरज नाही, असं मात्र नाही. वैयक्तिक करदात्याचं व्यवसायाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर किंवा उलाढाल 25 लाखांच्या वर गेली, तर कलम 44एए नुसार हिशेब ठेवणं बंधनकारक होतं. 38 लाखांचा अभियंता यात येतो. त्याच्यासाठी हे काम फार मोठं नाही. ब्रोकरचा नफा-तोटा अहवाल, लेजर, काँट्रॅक्ट नोट्स, बँकेचं स्टेटमेंट आणि खर्चाची बिलं जपून ठेवली आणि त्यावरून नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद तयार केला की झालं. विवरणपत्र आयटीआर-3 भरावं लागतं. आयटीआर-1 किंवा आयटीआर-2 मध्ये एफ अँड ओ दाखवायला जागाच नाही.

आयटीआर-3 सोबत आणखी एक गोष्ट येते आणि ती पगारदारांच्या लक्षात उशिरा येते. नुसता पगार असणारा माणूस दरवर्षी जुनी किंवा नवी करप्रणाली निवडू शकतो. व्यवसायाचं उत्पन्न आलं की ही मोकळीक जाते. जुन्या प्रणालीत राहायचं तर मुदतीच्या आत फॉर्म 10-आयईए भरावा लागतो. तिथून एकदा नव्या प्रणालीत परतलं की व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा जुन्या प्रणालीत जाता येत नाही. गृहकर्जाचं व्याज आणि घरभाडं भत्ता यांवर ज्यांची करबचत उभी आहे, त्यांना हौसेखातर केलेले चार ऑप्शन सौदे इथे महाग पडू शकतात.

1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाला आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. 2025-26 पर्यंतच्या उत्पन्नासाठी मात्र 1961 चाच कायदा आणि वरचेच क्रमांक चालतात. विवरणपत्राच्या तारखा अनेकदा पुढे-मागे होतात, त्यामुळे त्या वर्षीची तारीख आयकर विभागाच्या पोर्टलवर पाहणं हाच खात्रीचा मार्ग. ऑडिट असेल तर सीएचा अहवाल विवरणपत्राच्या मुदतीच्या एक महिना आधी द्यावा लागतो. आपल्याला ऑडिट लागतं, मग मुदतही जास्त मिळेल, अशा समजुतीत राहून बिगर-ऑडिटवाल्यांची तारीख चुकली आणि नंतर कळलं की ऑडिट लागतच नव्हतं, तर पुढे न्यायचा सगळा तोटा तिथेच बुडतो.